पुस्तकाचा युक्तिवाद भिशीत कसा मांडायचा: ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ घेऊन एक पूर्ण उदाहरण

आमच्या पुस्तक भिशीत दर महिन्याला एकजण पुस्तक मांडतो. दोन पानांचा गोषवारा, वीस मिनिटं बोलणं आणि मग चर्चा. कादंबरी असेल तर हे सहज जमतं. लोकविज्ञानाचं जाडजूड पुस्तक आलं की मात्र बहुतेकजण एकच गोष्ट करतात: पहिल्या प्रकरणात काय आहे, दुसऱ्यात काय आहे, तिसऱ्यात काय आहे. शेवटी ऐकणाऱ्याला चार मजेदार किस्से आठवतात, पण लेखक नेमकं काय म्हणतोय आणि ते कशावरून म्हणतोय हे सांगता येत नाही.

जेरेड डायमंड यांचं ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा माझंही हेच झालं. पुस्तक १९९७ चं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. एकोणीस प्रकरणं, वर प्रस्तावना आणि उपसंहार. मी स्पॅनिश आणि इंका यांच्यातल्या काहामार्काच्या लढाईवर आठ मिनिटं बोललो आणि मुख्य मुद्दा दोन वाक्यांत उरकला. घरी जाताना एका मावशींनी विचारलं, “म्हणजे बंदुका होत्या म्हणून युरोप जिंकला, एवढंच ना?” लेखक ज्या उत्तराला अपुरं म्हणतो, तेच उत्तर मी त्यांच्या हाती देऊन बसलो होतो. नंतर हेच पुस्तक दुसऱ्या गटासाठी पुन्हा मांडलं, तेव्हा जी पद्धत वापरली ती इथे पायरीपायरीने देतो.

आधी प्रश्न शोधा

पहिलं प्रकरण उघडण्याआधी प्रस्तावना आणि उपसंहार वाचून काढा. लोकविज्ञानाच्या पुस्तकात लेखकाचा प्रश्न बहुतेक वेळा प्रस्तावनेतच असतो, आणि स्वतःच्या मांडणीबद्दलच्या शंका उपसंहारात. डायमंड यांच्या प्रस्तावनेत हा प्रश्न एका माणसाच्या तोंडी येतो. १९७२ साली न्यू गिनीच्या किनाऱ्यावर चालताना याली नावाच्या स्थानिक पुढाऱ्याने त्यांना विचारलं की, तुम्ही गोऱ्या लोकांनी इतका माल तयार केला आणि इथे आणला, पण आम्हा काळ्या लोकांकडे आमचा असा माल इतका कमी का? ‘माल’ म्हणजे पोलादी कुऱ्हाडींपासून काडेपेट्या, औषधं आणि कपड्यांपर्यंत सगळं.

हा प्रश्न स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. माझं वाक्य असं होतं: ‘शेवटचं हिमयुग संपताना जगभर सगळेच शिकारी-संकलक होते, मग पुढच्या तेरा हजार वर्षांत काही खंडांतले लोक इतरांवर राज्य करण्याइतके पुढे कसे गेले?’ त्याखाली हा प्रश्न काय नाही, तेही लिहा. चीनऐवजी युरोपच पुढे का गेला, हा या पुस्तकाचा मुख्य प्रश्न नाही. तो उपसंहारात थोडक्यात येतो. ही एक ओळ लिहिलेली असली की चर्चा अर्ध्या तासाने भरकटली तरी तिला परत जागेवर आणता येतं.

दावा असा लिहा, की त्याला कोणी ‘नाही’ म्हणू शकेल

पुढची पायरी दाव्याची. डायमंड यांनी प्रस्तावनेतच पुस्तकाचं सार एका वाक्यात दिलंय. त्याचा आशय असा की, वेगवेगळ्या लोकांचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला तो त्यांच्या परिसरातल्या फरकांमुळे. त्या लोकांमधल्या जैविक फरकांमुळे नव्हे. असं वाक्य प्रत्येक पुस्तकात आयतं सापडत नाही, पण सापडलं तर आधी त्यावर खूण करा.

हे वाक्य दोन भागांचं आहे आणि गोषवाऱ्यात दोन्ही भाग यायला हवेत. ‘परिसरामुळे’ एवढंच लिहिलं तर कोणीही मान डोलावेल. ‘जैविक फरकांमुळे नव्हे’ हे शब्द आले की लेखक कोणाशी भांडतोय ते कळतं: युरोपीय लोक मुळातच जास्त हुशार होते, असं मानणाऱ्यांशी. तुमच्या वाक्याला विरोध करणारा माणूस डोळ्यांसमोर आणून बघा. तो दिसत नसेल, तर तुम्ही विषय लिहिलाय. दावा अजून लिहायचा आहे.

साखळी उलटी काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पुस्तकाचा सांगाडा इथे हाती येतो. मी कोऱ्या कागदाच्या अगदी खाली एक घटना लिहिली: १५३२, काहामार्का, पेरू. स्पॅनिश सेनानी पिझारोसोबत १६८ सैनिक होते आणि इंका सम्राट अताहुआल्पाच्या छावणीत ऐंशी हजारांची फौज. तरी सम्राट पकडला गेला. मग एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत वर चढत गेलो: ‘हे कशामुळे?’

पहिलं उत्तर पोलाद, घोडे, बंदुका, समुद्र ओलांडणारी जहाजं, लिपी आणि रोग. देवीची साथ स्पॅनिशांच्या आधीच तिथे पोचली होती. तिने आधीचा सम्राट आणि त्याचा वारस दोघेही गेले आणि गादीसाठी यादवी पेटली. डायमंड या सगळ्याला नजीकची कारणं म्हणतात. माझ्या त्या मावशी इथेच थांबल्या होत्या, कारण मीच त्यांना इथे सोडलं होतं.

पण हे सगळं स्पेनकडेच का होतं, पेरूकडे का नव्हतं? कारण लोहार, लेखनिक आणि पगारी सैनिक पोसायला धान्याची शिल्लक लागते, आणि साथीचे रोग टिकून राहायला दाट वस्ती लागते. मग शिल्लक आणि दाट वस्ती कशामुळे? शेती आणि पाळीव जनावरांमुळे. ती तिथेच लवकर आणि भरपूर का? कारण पेरता येतील अशी रानटी धान्यं आणि माणसाळतील अशी जनावरं जगभर सारखी वाटलेली नव्हती. आणि एका जागी तयार झालेलं पीक दुसरीकडे किती सहज पसरेल, हे खंडाचा लांब आस पूर्व-पश्चिम आहे की उत्तर-दक्षिण, यावर ठरत होतं. यापुढे ‘हे कशामुळे’चं उत्तर भूगोल, तिथे साखळी संपते. ही मूळ कारणं.

चौथ्या प्रकरणात लेखकाने स्वतःच अशी साखळी आकृतीत काढलीय. तरी ती आधी बघू नका. आपली काढा आणि मग ताडून बघा. एखादी कडी राहिली असेल तर ते प्रकरण पुन्हा वाचायचं. माझ्या पहिल्या आकृतीत आसाची कडी सुटली होती, कारण दहावं प्रकरण मी घाईत वाचलं होतं.

प्रत्येक कडीला तिचा पुरावा बांधा

आता वहीच्या आडव्या पानावर चार रकाने पाडा: कडी, पुरावा, पुराव्याचा प्रकार, पान क्रमांक. प्रकाराचा रकाना लोकांना अनावश्यक वाटतो, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. या पुस्तकात मला चार प्रकार सापडले. मोजणी, निसर्गानेच करून ठेवलेला प्रयोग, एखाद्या घटनेचं वर्णन आणि साधर्म्यावरून काढलेला निष्कर्ष. यांचं वजन सारखं नसतं, आणि गोषवाऱ्यात ते सारखं दिसताही कामा नये.

जनावरांची कडी पूर्ण सोडवून दाखवतो. लेखक आधी उमेदवार ठरवतो: जमिनीवर राहणारे, शाकाहारी किंवा मिश्राहारी, साधारण ४५ किलोंपेक्षा जड असे रानटी सस्तन प्राणी. जगात अशा १४८ जाती. युरेशियात ७२, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ५१, दोन्ही अमेरिकांत मिळून २४, ऑस्ट्रेलियात १. यांतल्या फक्त १४ माणसाळल्या. तेरा युरेशियातल्या, एक दक्षिण अमेरिकेतली. लामा आणि अल्पाका तिचेच वंशज. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतली एकही नाही.

बहुतेक गोषवारे या आकड्यांवर थांबतात, आणि इथेच युक्तिवाद निसटतो. कारण ५१ पैकी शून्य या आकड्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, आफ्रिकेतले प्राणी माणसाळण्याजोगे नव्हते. दोन, तिथल्या माणसांना ते जमलं नाही. दावा पहिल्या अर्थावर उभा आहे, म्हणून लेखकाला दुसरा अर्थ खोडावाच लागतो. तो कसा खोडतो हे लिहिलं नाही, तर नुसते आकडे विरोधकाच्याही कामाला येतील.

तो असा खोडतो: युरेशियातली गुरं आफ्रिकेत पोचल्यावर तिथल्या लोकांनी ती झपाट्याने स्वीकारली, पाळली, त्यांच्यावर सगळं जगणं बांधलं, म्हणजे हात आणि डोकं दोन्ही होतं. उलट, आधुनिक काळात युरोपीय लोकांनी झेब्र्यासारखे आफ्रिकन प्राणी माणसाळवायचा प्रयत्न केला, तर त्यांनाही ते साधलं नाही. माणसं बदलली तरी निकाल तोच. जनावर बदललं की मात्र निकाल बदलतो. म्हणजे अडचण जनावरात. मग कोणत्या गुणांमुळे एखादी जात नापास होते याची सहा कारणं तो देतो: आहार, वाढीचा वेग, बंदिवासात वीण न होणं, तापट स्वभाव, घाबरून उधळणं, आणि कळपात नेता मानण्याची सवय नसणं. गोषवाऱ्यात सहाच्या सहा देऊ नका. झेब्रा मोठा झाला की चावतो आणि चावलं की सोडत नाही, एवढं एक उदाहरण पुरतं.

वहीत ही कडी अशी उतरली: ‘मोजणी (१४८ पैकी १४) + उलटतपासणी (गुरं आफ्रिकेत, झेब्रा युरोपीयांकडे). भक्कम.’

न्यूझीलंड आणि चॅटम बेटांचं उदाहरण दुसऱ्या प्रकारातलं. मावरी आणि मोरिओरी हे दोन्ही समाज एकाच पॉलिनेशियन पूर्वजांचे. चॅटम बेटं थंड, तिथे नेलेली पिकं येईनात, म्हणून मोरिओरी पुन्हा शिकार आणि मासेमारीवर गेले. वस्ती छोटी, हत्यारं साधी, भांडण सामोपचाराने मिटवायची रीत. न्यूझीलंडच्या उष्ण उत्तर भागात शेती चालली, वस्ती दाटली, लढाया वाढल्या. १८३५ साली मावरी चॅटमवर उतरले आणि त्यांनी मोरिओरींची कत्तल केली, उरलेल्यांना गुलाम केलं. पूर्वज एक, परिसर दोन, निकाल दोन. काही शतकांत एवढा फरक पडला, त्यामुळे रक्ताचं कारण इथे लागूच पडत नाही. हा पुरावा दाव्याच्या ‘नव्हे’ या अर्ध्या भागाला थेट जाऊन भिडतो, म्हणून मी त्याला लढाईपेक्षा जास्त जागा दिली.

काढून बघा

कोणता पुरावा ठेवायचा आणि कोणता गाळायचा, यासाठी एकच कसोटी वापरतो. तो पुरावा मनातल्या मनात काढून टाकायचा आणि दावा उभा राहतो का ते बघायचं. काहामार्काची लढाई काढली तरी युक्तिवाद जागच्या जागी राहतो. ती फक्त समजावून सांगणारी घटना आहे. तिला गोषवाऱ्यात तीन ओळी पुरेत. जनावरांची मोजणी काढली तर मधली कडी तुटते. वनस्पतींचंही तसंच: जड दाण्याच्या रानटी गवतांच्या ५६ निवडक जातींपैकी ३२ भूमध्य समुद्राभोवतीच्या हवामानाच्या पट्ट्यात आहेत, हा आकडा गाळला तर शेती तिथे लवकर का झाली याला आधारच राहत नाही.

ही कसोटी लावताना मन खट्टू होतं, कारण सगळ्यात रंगतदार पानंच बहुतेक वेळा गळतात. ती तोंडी बोलताना वापरा. कागदावर भार पेलणारे पुरावे राहू द्या.

कुठे माती भुसभुशीत आहे ते खूण करून ठेवा

आता वेगळ्या रंगाचं पेन घ्या. मी हिरवं घेतो. ज्या कडीवर शंका आहे तिच्यासमोर शंका लिहायची, आणि ती कोणाची ते कंसात लिहायचं: लेखकाची, इतर अभ्यासकांची, की माझी. या तिघांची सरमिसळ झाली की भिशीतल्या लोकांना वाटतं, लेखकच स्वतःच्या विरोधात बोलतोय.

लेखकाची स्वतःची शंका उपसंहारात आहे. युरेशियाचा भूगोल चीनलाही लाभला होता, मग चीन मागे का पडला? त्यांचं उत्तर असं की, चीन लवकर एका सत्तेखाली आला, म्हणून दरबारातल्या एका निर्णयाने जहाजांच्या मोठ्या मोहिमा थांबू शकल्या. युरोपात सत्ता विखुरलेली, एका राजाने नाकारलं तर कोलंबस दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. हा भाग मला बाकी पुस्तकापेक्षा सैल वाटतो. इथे मोजणी नाही, निसर्गाचा प्रयोग नाही. दोन घटनांवरून पूर्ण खंडाचा निष्कर्ष आहे. हे गोषवाऱ्यात ‘माझं मत’ म्हणून लिहिलं.

इतरांच्या टीकेतली एक बाजू अशी की, सगळं भूगोलावर ढकललं की माणसांचे निर्णय दिसेनासे होतात. भूगोलाचे अभ्यासक जेम्स ब्लाउट यांनी ही टीका जोरात मांडली. काहामार्कापुरतं बोलायचं तर, पुढच्या वर्षांत इंकांवर नाराज असलेल्या स्थानिक जमाती स्पॅनिशांना मिळाल्या. त्यांच्याशिवाय मूठभर परकीयांना ते साम्राज्य पेलवलं असतं असं वाटत नाही.

दुसरी बाब पुस्तकाच्या वयाची. लोकविज्ञानाचं पुस्तक दहा वर्षांपेक्षा जुनं असेल तर त्यातल्या एखाद्या ठळक विधानाचं पुढे काय झालं हे बघायचंच. डायमंड यांच्या यादीत क्षयरोग गुरांकडून माणसाकडे आला असं आहे. पुढच्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं की माणसातल्या क्षयाचे जंतू गुरांमधल्या जंतूंपासून निघालेले नाहीत. इथे घाई करू नका. ‘रोगांची कडी कोसळली’ असं लिहिणं चूक. गोवराचं गुरांच्या बुळकांडी रोगाच्या विषाणूशी असलेलं जवळचं नातं तसंच आहे, आणि दाट वस्तीत साथी टिकतात हा मुद्दाही तसाच आहे. एक उदाहरण गळलं, कडी थोडी बारीक झाली. गोषवाऱ्यात एवढंच यायला हवं.

आता लिहा

कच्चं काम झालं की लिहायला दीड-दोन तास पुरतात. सहाशे ते सातशे शब्द, दोन पानं. प्रकरणांचा क्रम सोडून द्या आणि साखळीचा क्रम धरा: प्रश्न, दावा, मग कड्या मूळ कारणापासून नजीकच्या कारणापर्यंत, मग शंका. कागदावर साखळी उलटी काढली होती, लिहिताना ती सुलटी करायची. ऐकणाऱ्याला भूगोलापासून पोलादापर्यंत येणं सोपं जातं. रोग, लिपी, राज्यसंस्था यांना एकेक वाक्य दिलं तरी चालतं. जनावरं आणि वनस्पतींना प्रत्येकी एक पूर्ण परिच्छेद हवा.

जनावरांचा माझा परिच्छेद असा होता:

‘डायमंड यांच्या मते जड सस्तन प्राण्यांच्या १४८ जातींपैकी फक्त १४ माणसाळल्या आणि त्यांतल्या १३ युरेशियातल्या होत्या. आफ्रिकेतल्या ५१ पैकी एकही माणसाळली नाही. याचं कारण तिथली माणसं असती, तर बाहेरून आलेली गुरंही त्यांना पाळता आली नसती. पण ती त्यांनी पाळली. आणि झेब्रा युरोपीयांनाही माणसाळवता आला नाही. म्हणून, लेखक म्हणतो, फरक जनावरांत होता. यामुळे युरेशियाला नांगर, वाहतूक, खत आणि घोडदळ मिळालं.’

यात ‘डायमंड यांच्या मते’ आणि ‘लेखक म्हणतो’ हे शब्द मुद्दाम आहेत. आकडा सांगताना एकदा आणि निष्कर्षाला एकदा, एवढे पुरतात. ते नसतील तर दावा तुमचा आहे की लेखकाचा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि शेवटचं वाक्य पुढच्या कडीला हात देतं. प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य तसं आहे का ते बघा. जिथे ते जमत नाही तिथे साखळीतली एखादी कडी गळलेली असते, किंवा तो परिच्छेद किश्श्याचा असतो.

लिहून झालं की पुस्तक न वाचलेल्या एकाला वाचायला द्या आणि कागद बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारा. लेखक काय म्हणतो? कशावरून? आणि कोणाला ते पटणार नाही? माझ्या भाचीला पहिल्या दोन्हींची उत्तरं आली, तिसऱ्याला ती अडली. परत जाऊन बघितलं तर दाव्यातला ‘जैविक फरकांमुळे नव्हे’ हा भाग मी दुसऱ्या पानावर ढकलला होता. तो वर आणला.

चर्चेसाठी आपल्याकडचं एक उदाहरण

आपलं उदाहरण गोषवाऱ्यात घालू नका, ते चर्चेसाठी राखून ठेवा. नाहीतर लोक ते लेखकाचंच समजतात. मी बाजरी घेऊन गेलो होतो. आसाच्या कडीत लेखक म्हणतो की, पीक एकाच अक्षांशावर पूर्व-पश्चिम सहज सरकतं, कारण दिवसाची लांबी आणि ऋतू सारखे राहतात. उत्तर-दक्षिण जाताना ते अडतं. बाजरी मूळची सहाराच्या दक्षिण काठावरच्या कोरड्या पट्ट्यातली. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि आज ती अहिल्यानगरच्या हलक्या जमिनीत उभी राहते. जवळपास तोच अक्षांश, पाऊस दोन्हीकडे जून ते सप्टेंबर. इथवर लेखकाचं म्हणणं छान बसतं.

मग एका काकांनी विचारलं, मिरची, मका आणि बटाटा कसे बसवणार? ते अमेरिकेतून आले, आणि बटाटा तर अँडीजच्या थंड डोंगरातला. त्यावर अर्धा तास गेला. शेवटी कोणीतरी साखळीचा कागद पुढे ओढला आणि बोट ठेवून दाखवलं, की आसाचा नियम जमिनीवरून, गावोगावी सरकणाऱ्या पिकाचा आहे. जहाजातून आलेलं पीक त्या कडीच्या नंतरचं, जहाजं ज्या कडीत येतात तिथलं. काकांचं पूर्ण समाधान झालं नाही. बटाटा आपल्याकडे थंडीतच का लावतात, हे शेतकऱ्याला विचारून येतो म्हणाले, आणि पुढच्या महिन्याचं पुस्तक स्वतःकडे घेऊन गेले.